टेस्टिंगमधून सायबर सिक्युरिटीत एमएस, एसओपीत काय लिहू?

सहा वर्षं टेस्टर आहे, सिक्युरिटीचा थेट अनुभव नाही, एसओपीत काय दाखवू?

सेलेनियम, जिरा वगैरे रेझ्युमेत आहेच, इथे स्वतः पकडलेला एकच बग नीट उलगडून सांगा. समजा युआरएलमधला बिल नंबर १०४१ चा १०४२ केला आणि दुसऱ्याच ग्राहकाचं बिल उघडलं, फंक्शनल टेस्ट मात्र सगळ्या पास, कारण सर्व्हर फक्त लॉगिन बघत होता, बिल कोणाचं ते नाही. यालाच ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, ओवास्प या संस्थेच्या वेब ॲप्सच्या सिक्युरिटी धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर. मग तुम्ही टेस्ट केसेस कशा बदलल्या आणि कुठे अडलात, म्हणजे डिझाइनमध्येच हे कसं रोखायचं, ते लिहा आणि तिथून त्यांच्या नेमक्या कोर्सवर या. क्लायंटचं नाव मात्र नको, सिक्युरिटी शिकायला निघालेल्याने एनडीए फोडला तर कमिटी काय म्हणेल!