मूत्रवाहिनीतला खडा: वाट किती पाहावी?

आपल्या सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला, मूत्राशयाजवळ, ६ मिलिमीटरचा खडा दिसतो आहे आणि मूत्रपिंडाचे कार्य ठीक आहे, त्यामुळे टॅमसुलोसिन हे औषध देऊन खडा आपोआप पडण्याची वाट पाहण्याचा डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो. टॅमसुलोसिन खडा विरघळवत नाही. ते मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते, आणि त्याचा उपयोग मुख्यतः ५ ते १० मिलिमीटरच्या, खालच्या भागातल्या खड्यांना होतो. त्याहून लहान खडे बहुधा आपोआप पडतात, मोठे क्वचितच.

०.४ मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री जेवणानंतर घ्यावी आणि अंथरुणातून सावकाश उठावे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पडलेला खडा हाती लागावा म्हणून लघवी गाळणीतून गाळावी. बळेच लिटर-लिटर पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही, उलट कळ वाढू शकते.

दुखणे थांबले म्हणजे खडा पडला, असे मात्र मुळीच समजू नये. अडथळा तसाच राहून मूत्रपिंड मुकाट्याने खराब होऊ शकते, म्हणून खडा हाती लागला नाही, तर साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावीच.

थंडी वाजून ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, तर रात्रीच रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास नुसती प्रतिजैविके पुरत नाहीत, स्टेंट किंवा नळी घालून ती तातडीने मोकळी करावी लागते. लघवी बंद होणे, गोळ्यांनी न थांबणारी कळ किंवा औषधही पोटात न ठरू देणाऱ्या उलट्या, यांसाठीही सकाळची वाट पाहू नये.