घरी बॅचलर मुलांचा स्वयंपाकाचा क्लास: पहिला दिवस

प्रश्न: घरच्याच किचनमध्ये नोकरी करणाऱ्या बॅचलर मुलांसाठी क्लास सुरू करतेय. पहिल्या दिवशी काय शिकवू? एका वेळी किती जण घेऊ?

दोन बर्नरची शेगडी असेल तर चारच जण घ्या. दोघं शेगडीपाशी, दोघं चिरायला. त्याहून जास्त झाले की मागचे नुसते बघत राहतात, आणि बघून फोडणी येत नाही.

पहिल्या दिवशी पोळ्या नकोत. कणकेचा हात बसायला वेळ लागतो, मुलं हिरमुसतात. वरण-भात घ्या. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग, आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे मात्र बजावून सांगा.

खरा वेळ द्या तो फोडणीला, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कढल्यात स्वतःची करू द्या. तेलात आधी मोहरीचे दोन-चार दाणे टाकायला सांगा. दाणे तळाशी गप्प बसले तर तेल कोमट आहे, लगेच तडतडले तर तयार. बाकीची मोहरी तडतडून शांत होत आली की जिरे, मग गॅस बंद करून हिंग-हळद. चालू आचेवर हळद क्षणात तपकिरी होते आणि वरण कडवट लागतं. एक फोडणी मुद्दाम जाळून तिचा वास घ्यायला लावा. घरी एकटे असताना तोच वास त्यांना सावध करेल.

मीठ डाळ घोटल्यावर घालायचं, चव घेत.