तीस हजारांचा नफा की पंधरा हजारांचा तोटा?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. वडिलांच्या पश्चात आई आणि आम्ही दोघा भावांनी लेखी करार केला : गुंतवणुकीचं व्याज आईचं, विक्रीवरचा नफा-तोटा दोघा भावांत निम्मा. व्यवहार मी पाहतो. 9 टक्के व्याजाचे, 1,000 रुपये दर्शनी किमतीचे डिबेंचर आहेत. व्याज 31 मार्च आणि 30 सप्टेंबरला मिळतं. 1 जुलै 2024 ला 3,000 नग 1,010 रुपये भावाने कम-इंटरेस्ट घेतले, 1 जानेवारी 2025 ला 1,500 नग 990 ने एक्स-इंटरेस्ट. आलेलं सगळं व्याज आईला दिलं. 1 सप्टेंबर 2025 ला पहिले 3,000 नग 1,020 ने कम-इंटरेस्ट विकले. सीएंच्या कागदावर नफा 30,000 आहे. धाकट्याने वकिलामार्फत 15,000 मागितले आहेत. द्यावे लागतील का?

उत्तर : नोटिशीला घाईने उत्तर देऊ नका, आणि पैसेही देऊ नका. आधी दोन्ही खरेदीच्या आणि विक्रीच्या काँट्रॅक्ट नोट्स काढून समोर ठेवा.

कम-इंटरेस्ट म्हणजे भावातच मागच्या व्याजतारखेपासूनचं व्याज धरलेलं असतं. जुलैमध्ये तुम्ही 30,30,000 मोजले, पण त्यात एप्रिल ते जून या तीन महिन्यांचं 67,500 व्याज होतं. डिबेंचरची खरी किंमत पडली 29,62,500. एक्स-इंटरेस्टमध्ये भाव कोरा असतो आणि व्याज वर वेगळं मोजावं लागतं. जानेवारीच्या नोटेत म्हणूनच 14,85,000 च्या खाली 33,750 ची स्वतंत्र ओळ दिसेल. ती ओळ किमतीत मिसळू नका. दलाली मात्र किमतीतच जाते.

गुंतवणूक खात्याच्या वहीत दर्शनी रक्कम, व्याज आणि किंमत असे तीन रकाने असतात ते यासाठीच. विक्रीचे 30,60,000 आले, त्यात एप्रिल ते ऑगस्टचं 1,12,500 व्याज आहे. ते व्याजाच्या रकान्यात गेलं की किमतीच्या रकान्यात 29,47,500 उरतात. खरेदी 29,62,500 ची. म्हणजे 15,000 तोटा, दोघांना साडेसात-साडेसात हजार. धाकट्याला यायचे नाहीत, उलट त्यानेच सोसायचे आहेत. (सरासरी किंमत धरली तर तोटा 17,500 होतो. करारात पद्धत लिहिलेली नसेल तर मी आधी घेतलेले आधी विकले असंच धरेन. डीमॅटमधल्या रोख्यांना आयकर कायदाही तोच क्रम लावतो.)

मग सीएंचा कागद चुकीचा का? नाही. कराच्या दृष्टीने, गुंतवणूक म्हणून घेतलेल्या रोख्याच्या भावातलं आधीचं व्याज हा खरेदी किमतीचाच भाग, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात 1991 मध्ये दिला. 2024 मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या निकालात वजावट मिळाली, पण ती रोखे व्यापाराचा माल म्हणून बाळगणाऱ्या बँकेला. तुम्ही त्यात बसत नाही. त्यामुळे रिटर्नात 30,000 दिसणं शक्य आहे. पण रिटर्नमधला आकडा आयकर खात्यासाठी असतो, आई आणि भावांमधल्या वाटणीसाठी नव्हे. तुमच्या भावाने नेमका तोच उचलला आहे.

आता तुमची दुबळी बाजू. कंपनीकडून आलेलं सगळं व्याज तुम्ही आईला दिलंत. सप्टेंबर 2024 च्या 1,35,000 मधले 67,500 आणि मार्च 2025 च्या 2,02,500 मधले 33,750 मुद्दलाचे होते, कारण ते खरेदीच्या वेळी मुद्दलातून दिले होते. "दादाने स्वतःच व्याज वेगळं काढलं नाही, मग विकतानाच कसं काढतो?" असं समोरचा वकील विचारणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं.

त्याला उत्तर एकच : दोन्ही टोकांना एकच नियम लावा. आईकडे 1,01,250 जादा गेले, आणि विक्रीतले 1,12,500 तिला मिळालेच नाहीत. वजाबाकी करून तिला 11,250 द्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 36 नुसार, उलट करार नसेल तर असं नियतकालिक उत्पन्न विकणारा आणि घेणारा यांच्यात दिवसागणिक साठतं असं मानलं जातं. तुमच्या करारातलं "व्याज आईचं" हे शब्द त्याच अर्थाने वाचावेत, असा आपला मुद्दा राहील. भावाची पद्धत मान्य केली तर आईचे पाच महिने कोरे जातात, आणि करारावर सही तिचीही आहे.

नोटिशीच्या उत्तरासोबत तीन रकान्यांचा हिशेब आणि तिन्ही काँट्रॅक्ट नोट्स जोडा. उरलेले 1,500 नग विकण्याआधी, भावातलं व्याज आईचं आणि नग कोणत्या क्रमाने धरायचे, या दोन ओळींचा पुरवणी करार तिघांच्या सहीने करून घ्या.