झेड रिपोर्ट आणि गल्ल्याचा मेळ

प्रश्न: मामांच्या दुकानात महिनाभर गल्ल्यावर बसतोय. रात्री बिलिंग मशीनमधून रिपोर्ट काढतो, पण रोकड कधीच जुळत नाही. कधी कमी भरते, काल तर ६५० रुपये जास्त आले. रिपोर्टवरच्या नेमक्या कोणत्या आकड्याशी रोकड जुळवायची? रिटर्न आणि डिस्काउंट वजा करायचे का?

उत्तर:

कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या एका दुकानात मी अकरा वर्षं गल्ला सांभाळलाय. सुरुवातीला मीही NET SALE चा आकडा घेऊन नोटा मोजत बसायचो. तो आकडा रोकडीचा नाहीच. रिपोर्टच्या वरच्या भागात माल किती गेला ते असतं आणि खालच्या भागात त्याचे पैसे कोणत्या वाटेनं आले ते असतं. तुमचा गल्ला फक्त खालच्या भागातल्या CASH या एका ओळीशी बोलतो, आणि तीही जशीच्या तशी नाही.

आमच्याकडचा एका रविवारचा रिपोर्ट देतो, म्हणजे नीट कळेल. मशीन-मशीनप्रमाणे शब्द थोडे बदलतात, मांडणी साधारण अशीच असते.

```
GROSS SALE   48650
DISCOUNT     -1820
RETURN       -2350
NET SALE     44480
------------------
CASH         17930
UPI          20050
CARD          4900
CREDIT        1600
```

तुमचा रिटर्नचा प्रश्न इथेच सुटतो. खालच्या चार ओळींची बेरीज करून बघा. इथे ती ४४,४८० येते, म्हणजे NET SALE इतकीच. याचा अर्थ या मशीननं परत गेलेले पैसे CASH आणि UPI मधून आधीच वजा केलेत, तुम्ही पुन्हा करायचे नाहीत. काही मशीन तसं करत नाहीत. तिथे खालची बेरीज फक्त डिस्काउंट वजा जाता जो आकडा उरतो तेवढी, म्हणजे इथल्या हिशेबानं ४६,८३० भरते. तसं असेल तर ग्राहकाला गल्ल्यातून रोख परत दिलेली रक्कम CASH मधून तुम्हाला वजा करावी लागेल. ही बेरीज एकदाच करून तुमचं मशीन कोणत्या जातीचं आहे ते ठरवून ठेवा. डिस्काउंट मात्र कधीच वेगळं वजा करू नका. बिलात लावलेली सूट ग्राहकानं दिलेल्या रकमेत आधीच उतरलेली असते.

आता CASH चे १७,९३० घ्या आणि त्या दिवशी बिलाशिवाय गल्ल्यात जे आलं-गेलं ते त्यात धरा. सकाळी मोडीसाठी ठेवलेले २,००० होते. जुन्या उधारीचे १,५०० रोख आले, ते वहीत लिहिले होते, मशीनला ते माहीत नव्हते. चहा आणि हमालीला मिळून ४३० गेले. दुपारी मालकांनी १०,००० उचलून नेले. म्हणजे १७,९३० अधिक २,००० अधिक १,५००, त्यातून ४३० आणि १०,००० वजा. गल्ल्यात ११,००० असायला हवे होते. रिपोर्टवरचे CREDIT चे १,६०० आज दिलेल्या उधारीचे आहेत, ते अजून कुणाच्याच हातात आलेले नाहीत, म्हणून त्यांना इथे जागा नाही.

नोटा मोजल्या तर भरले ९,५००. दीड हजाराची तूट.

इथे एक सवय सांगतो, ती मनापासून पाळा. आधी नोटा मोजायच्या, ५०० किती, २०० किती अशी फोड कागदावर लिहायची, चिल्लरसुद्धा अंदाजानं न धरता मोजायची, आणि मगच रिपोर्ट हातात घ्यायचा. आकडा आधी दिसला की मन त्याच्याकडे ओढतं आणि हात तिथवर मोजतो. मी हे माझ्या हातांनी केलेलं आहे. दुसरं, मोजून झाल्यावर आधी फक्त एक्स रिपोर्ट काढा. एक्स नुसता आतले आकडे दाखवतो. झेड काढला की दिवस बंद होतो, आकडे शून्यावर जातात आणि पुढची दुरुस्ती उद्याच्या दिवसात पडते. चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि मग झेड. तसंच काल झेड काढायचा राहिला असेल तर आजच्या आकड्यांत दोन दिवस मिसळलेले असतात. तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या बिलाचा नंबर आधी बघा.

परत आपल्या दीड हजारांकडे. अशा वेळी गल्ला पुन्हा पुन्हा मोजण्यात रात्र घालवू नका. एकदा दुसऱ्याकडून मोजून घ्या, तेवढं पुरे. मग फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये दिवसाची एकूण जमा बघा. स्पीकरवर ऐकलेल्या रकमा धरू नका, ॲपमधली यादीच बघा. कार्डासाठी स्वाइप मशीनची दिवसाची बेरीज बघा. बँकेत जमा झालेली रक्कम बघून उपयोग नाही, कारण ती शुल्क कापून आणि नंतर येते. आमचं कार्ड ४,९०० बरोबर होतं. यूपीआय ॲपवर मात्र २१,१५० होते आणि रिपोर्टवर २०,०५०. ॲपकडे १,१०० जास्त.

गल्ल्यात कमी आणि यूपीआयमध्ये जास्त, म्हणजे पैसा हरवलेला नाही, तो वेगळ्या ओळीत लिहिला गेलाय. याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींची लक्षणं वरून एकसारखी दिसतात, म्हणून सावकाश सांगतो. पहिलं असं की ग्राहकानं स्कॅन करून पैसे दिले आणि बिल करणाऱ्यानं सवयीनं CASH दाबलं. दुसरं असं की ग्राहकानं पूर्वी यूपीआयवर घेतलेली वस्तू परत केली, मशीननं जुन्या बिलाप्रमाणे परतावा UPI मधून वजा केला आणि आपण मात्र गल्ल्यातून रोख दिली.

ओळखायचं कसं? यूपीआयची बिलं आणि ॲपची यादी शेजारी ठेवून एकेक जोडी लावा. ॲपमध्ये अशी एखादी जमा सापडली की जिचं UPI बिलच नाही, तर कारण पहिलं. सगळ्या जोड्या लागल्या आणि तरीही फरक उरला, तर कारण दुसरं. मग RETURN ची फोड काढा. आमच्या २,३५० मध्ये दोन रिटर्न होते, एक १,२५० चा आणि एक १,१०० चा. जोड्या सगळ्या लागल्या होत्या. १,१०० वाला चपलांचा जोड एका पर्यटक ताईंचा होता. अंबाबाईच्या दर्शनाला आल्या होत्या, सकाळी स्कॅन करून घेतला, संध्याकाळी अंगठा आवळतो म्हणून परत आणला. त्यांना गाडी गाठायची होती, म्हणून पोरानं रोख दिली. दिली ते चांगलंच केलं, फक्त मशीनवर परतावा UPI चा राहिला. रिटर्न रद्द करून CASH मधून पुन्हा केला, तसे रिपोर्टवर UPI २१,१५० झाले आणि CASH १६,८३०. गल्ल्यात आता ९,९०० असायला हवे होते. तूट उरली ४००.

या ४०० चा ॲपवर मागमूस नव्हता, सगळ्या ओळी जुळत होत्या. असं झालं की मी डिस्काउंटकडे वळतो. बिल छापून झाल्यावर ग्राहक घासाघीस करतो, मालक किंवा पोरगा हातानं सूट देतो, आणि मशीनला त्याचा पत्ता नसतो. रिपोर्टवरच्या १,८२० मध्ये फक्त बिलात टाकलेली सूट आहे, तोंडी दिलेली नाही. त्या रात्री पोराला एवढंच विचारलं, “आज छापलेल्या बिलापेक्षा कमी कुणाकडून घेतलंस का?” त्याला लगेच आठवलं, २,४०० च्या बिलाचे मालकांच्या ओळखीच्या माणसाकडून २,००० घेतले होते. मालकांना विचारलं, त्यांनी दुजोरा दिला. बिल रद्द करून सूट लावून पुन्हा केलं आणि ९,५०० ला ९,५०० जुळले. त्यानंतरच झेड काढला.

पोराला विचारताना आवाज कसा ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. पगारातून कापायची भीती घातली की माणूस खरं सांगत नाही, आणि पुढच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरून मोकळा होतो. मग हिशेब वरवर जुळतो, चूक तशीच चालू राहते. तुम्हीही खिशातून भरू नका. नाही सापडलं तर झेडच्या मागे तारीख, फरक आणि काय काय तपासलं ते लिहा आणि मामांना दाखवा.

शोधताना फरकाचा आकडाही थोडं बोलतो. फरकाचं निम्मं करून तेवढ्या रकमेचा रिटर्न दिसतो का बघा. ६०० चा रिटर्न चुकून विक्री म्हणून मारला तर मशीन ६०० आले म्हणतं, प्रत्यक्षात ६०० गेलेले असतात, म्हणून तूट १,२०० ची दिसते. फरकाला नऊनं पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे पडल्याचा संशय घ्या. खर्चाचे ५४० वहीत ४५० लिहिले की फरक ९० चा येतो. भाग गेला म्हणजे हेच कारण, असं मात्र नाही.

आता तुमचे ६५०. जास्त आले म्हणून ते बाजूला काढू नका, ती तुटीइतकीच चूक आहे. आधी यूपीआय ॲप बघा. तिथे रिपोर्टपेक्षा बरोबर ६५० कमी असतील तर एखादं रोखीचं बिल UPI वर मारलं गेलंय, किंवा स्कॅन झालं म्हणून ग्राहकानं दाखवलं, पैसे आले नाहीत, आणि नंतर त्यानं रोख दिले. ॲप जुळत असेल तर उधारीची वही काढा. कुणीतरी ६५० देऊन गेला असेल आणि गर्दीत लिहायचं राहिलं असेल. तसं असेल तर त्याच्या नावावर अजून ६५० बाकी दिसत असणार, आणि तुम्ही ते पुन्हा मागायला जाल. म्हणून हे आजच बघा. मामांना उधारीवाल्यांची नावं एकदा वाचून दाखवा, काल कोण येऊन गेलं ते त्यांना आठवेल. तिथेही नसेल तर काल सकाळी मोडीला नेमके किती ठेवले होते ते विचारा. नेहमीचे २,००० गृहीत धरलेले असतात आणि आदल्या रात्री गल्ल्यात प्रत्यक्ष २,६५० राहिलेले असतात.