'झडप निकामी' आलंय, डॉक्टरांना काय विचारू?

*ताई, मी म्युनिकला असते. बाबा ७१ वर्षांचे, इथे आले होते तेव्हा त्यांचा इको केला. जर्मन रिपोर्ट मोबाईलवर मराठीत करून त्यांना पाठवला तर त्यात 'हृदयाची झडप निकामी, श्रेणी १' आलं. आता साताऱ्यात ते जिनाही चढत नाहीत. तिथल्या डॉक्टरांना लांबलचक मेसेज केला, उत्तर नाही.*

अगं, तो मराठी कागद आधी बाजूला ठेव आणि मूळ रिपोर्ट उघड. तिथे बहुतेक 'मिट्रालइन्झुफित्सिएन्त्स' असेल, म्हणजे झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे येतं, आपल्याकडचे डॉक्टर त्याला 'व्हॉल्व्ह लीक' म्हणतात. पण जर्मनमध्ये हार्ट फेल्युअरलाही 'हेर्त्सइन्झुफित्सिएन्त्स'च म्हणतात, त्यामुळे मोबाईलने 'निकामी' करून टाकलं. ग्रेड १ म्हणजे सौम्य लीक, या वयात ती बऱ्याच जणांच्या इकोत दिसते.

आता आकडे बघ, ते कुठल्याही भाषेत तेच राहतात. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते, ५५च्या पुढे असेल तर पंपिंग ठीक. पण नुसत्या ईएफवर निर्धास्त होऊ नकोस हं, लीक मोठी असली तरी ईएफ बरेच दिवस छान दिसतो. म्हणून डावा वरचा कप्पा मोठा झालाय का तेही लिहिलेलं असतं ते शोध. लीक जुनी आणि मोठी असली की तो ताणला जातो.

डॉक्टरांचं म्हणशील तर ओपीडीच्या गर्दीत एवढा मोठा मेसेज कोण वाचणार, आणि पेशंट बाबा आहेत, त्यांनी 'मुलीशी बोला' म्हटल्याशिवाय डॉक्टर तुला काही सांगणारही नाहीत. बाबांना अपॉइंटमेंट घ्यायला सांग, मूळ जर्मन पीडीएफची प्रिंट आणि इकोची सीडी असेल तर ती सोबत, त्याच वेळी तू व्हिडिओ कॉलवर. आदल्या दिवशी बाबांना त्यांच्याच नंबरवरून एवढंच पाठवायला सांग:

'डॉक्टर, उद्या मी येतोय. जर्मनीतला मूळ इको सोबत आहे, मराठी भाषांतर मोबाईलवरचं आहे, त्यावर जाऊ नका. लीक सौम्यच आहे ना? जिना, फिरणं चालू ठेवायचं का? पुढचा इको कधी? मुलीशी बोलायला माझी हरकत नाही.'

आणि बीपीच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते त्यांनाच स्ट्रिपचा फोटो काढून पाठवायला सांग, नावं टाइप करत बसू नका, तिथेच घोळ होतात. बीपी वाढलेलं असेल तर लीकही जास्त दिसते, म्हणून इकोच्या दिवशीचं बीपी रिपोर्टवर आहे का बघून तेही कळव.

मात्र बाबांना आडवं झाल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील किंवा चक्कर येऊन पडले असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी न्यायला सांग.