सहा एमएमचे पैसे

प्रश्न: सुताराने वॉर्डरोबचं कोटेशन आधी ७२ हजार दिलेलं. आम्ही १२ एमएमऐवजी १८ एमएम प्लाय घ्या म्हटलं तर आता ८३ हजार म्हणतोय. नुसत्या ६ एमएमला एवढे पैसे लागतात का, की फसवतोय?

मी सुतार आहे, सांगलीत माझं वर्कशॉप आहे. हा "नुसत्या ६ एमएमला" शब्द मी अगदी असाच ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी एका साहेबांचा वॉर्डरोब होता, ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल, तीन भाग. मी सुरुवातीलाच १८ म्हटलेलं, पण त्यांना बजेट सांभाळायचं होतं म्हणून दरवाजे १८ चे आणि आतला सगळा बॉक्स १२ चा ठरला, ६१,४०० रुपये. मग त्यांनी बहिणीच्या घरी साड्यांच्या ओझ्याने वाकलेली १२ ची फळी बघितली आणि फोन आला, मिस्त्री, सगळं १८ करा. निर्णय बरोबरच होता. जाडी दीडपट झाली की फळी दीडपट नाही, तिपटीहून जास्त ताठ होते, आणि १२ च्या कडेत स्क्रू मारला की प्लायचे थर फाकतात ते वेगळंच.

मी ६७,०४० चा आकडा सांगितला तर साहेब चिडले. फोनवर वाद नको म्हणून रात्री लेटरहेडवर पत्र लिहिलं, त्यातलं मुख्य असं:

"साहेब, नमस्कार. चार उभे पार्टिशन, वरचा आणि खालचा तळ, आठ फळ्या मिळून ११२ चौरस फूट होतात, एक शीट ३२ फुटाची, म्हणून ४ शीट लागतात. १२ एमएम फुटाला ७८ रुपये होतं, १८ एमएम १०८ आहे. फरक ३० रुपये, १२८ फुटाचे ३,८४० झाले. दरवाजे, ६ एमएमची पाठ, लॅमिनेट, बिजागऱ्या, हँडल आणि बॉक्सची मजुरी यात एक रुपया वाढवलेला नाही. उरलेले १,८०० तीन ड्रॉवरचे आहेत. तुमच्याकडे रंगकाम चालू होतं म्हणून मी ड्रॉवर आधीच वर्कशॉपमध्ये बनवले होते. आता चार पार्टिशन प्रत्येकी ६ एमएम जाड झाले म्हणजे आतली २४ एमएम जागा गेली, प्रत्येक भाग ५९४ चा ५८६ झाला. चॅनेलला दोन्ही बाजूंनी १३-१३ एमएम लागतात, तिथे ओढाताण चालत नाही. ५६८ चा ड्रॉवर आता ५६० चाच पाहिजे. सांधे फेव्हिकॉलने पक्के झालेत, उघडून कापता येत नाहीत. नवे करतो, प्लाय माझ्याकडच्या तुकड्यांतलं वापरतो, फक्त मजुरी द्या."

साहेबांनी ३,८४० दिले आणि १,८०० शेवटपर्यंत दिले नाहीत, म्हणे ड्रॉवर आधी बनवायला मी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं हे खरं आहे. पण जाडी ठरलेली होती, त्यांनीच ठरवलेली, आणि ठरलेल्या मापावर काम सुरू करणं ही माझी चूक कशी होते?

माझा मोठा भाऊ पण याच धंद्यात आहे, तो तेव्हापासून म्हणतो की गिऱ्हाइकाला हिशोब दाखवूच नये, समोरून ७ गुणिले ६ म्हणजे ४२ फूट मोजायचं आणि फुटाचा एकच भाव सांगून मोकळं व्हायचं, जाडी वाढली की भाव वाढवायचा. मला हे अजिबात पटत नाही. असा भाव वाढवला की लॅमिनेट, बिजागऱ्या, मजुरी सगळ्यावरच वाढ बसते आणि त्यातला कुठलाच खर्च जाडीने वाढलेला नसतो. माझे १,८०० बुडाले ते पत्र लिहिल्यामुळे नाही, ड्रॉवर कापायच्या आधी "आता यापुढे बदल केला तर पैसे लागतील" एवढी एक ओळ लिहून घेतली नव्हती म्हणून बुडाले. आता घेतो.

तर तुमच्या ११ हजारांचं असं आहे की जाडी किती शीटची बदलली ते विचारा, त्याला ३२ ने गुणा, मग दोन जाड्यांच्या भावातल्या फरकाने गुणा. त्याच्या वर जे उरेल त्याचं कारण त्याने सांगितलं पाहिजे आणि तुम्ही पण ते ऐकून घेतलं पाहिजे. त्याने आधीच काय काय कापलंय हे विचारा, बहुतेक लोक तेच विचारत नाहीत.

हां, माझे भाव तेव्हाचे आणि त्या प्लायचे, तुमच्याकडे वेगळे असणार. आणि तुमचे दरवाजे पण १२ चे ठरले होते का? तसं असेल तर शीट अजून वाढतात, पण तिथे वाद घालू नका, बिजागरीच्या ३५ एमएमच्या वाटीला जवळपास १२ एमएम खोल भोक लागतं, ते १२ च्या दरवाज्यातून आरपार जाईल. शीट आली की व्हर्नियर लावून मोजा, १८ म्हणून १७ पण येतं.