'वगळलेले' नव्हे, शुमारातले

"मी लातूरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दहा रुग्णांच्या एका छोट्या चाचणीची स्लाइड मराठीत करायची आहे. प्रत्येकाचे महिने असे: 3, 5+, 6, 8, 9+, 11, 14, 15+, 18+, 20+. अधिकचं चिन्ह असलेले 'सेन्सर्ड'. मी त्यांना 'वगळलेले रुग्ण' म्हटलं, सहकारी म्हणतात 'खंडित' लिहा. खाली 'मीडियन सर्व्हायव्हल 14 महिने' आहे, त्याला 'सरासरी आयुष्य' म्हटलं तर चालेल ना?"

नाही चालणार. दोन्ही नाही चालणार, आणि 'खंडित' तर मुळीच नाही. खंडित मूर्ती असते, खंडित वीजपुरवठा असतो. तुमचा पाच महिन्यांवरचा रुग्ण कदाचित आज घरी भाकरी खातोय. त्याच्यात खंडित काही झालेलं नाही, तुमच्या वहीतली त्याची नोंद तेवढी थांबली आहे. एका शुद्धीप्रेमी स्नेह्यांनी तर मला 'परिनिरीक्षित' सुचवला. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते तो हा शब्द. रुग्णातले आक्षेपार्ह संवाद कोण कापणार होतं कोण जाणे.

'वगळलेले' मात्र मी वरचेवर ऐकतो, आणि तो नुसता ओबडधोबड नाही, सरळ खोटा आहे. वगळून बघा. अधिकचं चिन्ह असलेले पाचही जण काढले की उरतात 3, 6, 8, 11, 14. यांतला मधला आठ. म्हणजे औषधाची कमाई चौदावरून आठवर आली, कारण जे सर्वांत जास्त टिकले त्यांनाच आपण बाहेर काढलं. स्लाइडवर चौदा लिहिलंय, याचाच अर्थ त्या पाचांना कुणीही वगळलेलं नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. सेन्सॉर हा प्राचीन रोममधला अधिकारी. मूळ लॅटिन धातू 'सेन्सेरे', म्हणजे मोल करणं, अंदाज बांधणं. नागरिकांची आणि त्यांच्या मालमत्तेची गणती करायची आणि त्यांच्या चालचलणुकीवर नजर ठेवायची, अशी दोन कामं त्याच्याकडे. गणतीच्या कामातून 'सेन्सस' आला, चालचलणुकीच्या कामातून सिनेमावाला सेन्सॉर. आपल्या कानाला फक्त कात्रीवाला ठाऊक, म्हणून 'सेन्सर्ड' म्हटलं की कापलेलं, वगळलेलं असं काहीतरी सुचतं.

माझे आजोबा निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले. जनगणनेला ते अखेरपर्यंत 'मर्दुमशुमारी' म्हणत. आपल्या जुन्या मराठीतली 'खानेसुमारी' त्याच घरातली: खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. आणि या फारसी शुमाराने मराठीत केवढा संसार मांडलाय बघा. 'सुमारे' म्हणजे अंदाजे. 'बेसुमार' म्हणजे मोजणीपलीकडचं. 'सुमार' दर्जा हाही तिथलाच. मोजणं आणि अदमास घेणं या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात, अगदी त्या सेन्सेरेसारख्या! संख्याशास्त्रात 'सेन्सर्ड' हा शब्द 'झाकलेलं मूल्य' या अर्थाने, म्हणजे कात्रीवाल्याच्या बाजूने शिरला असं मला पुष्कळांनी सुनावलं आहे. असेल. पण अर्थ म्हणून काय शोभतं ते विचारा. तुमचा '5+' म्हणजे 'पाच महिने तरी, पुढे ठाऊक नाही'. तो मोजणीतून उठवलेला नाही, मोजणीत आहे आणि सुमाराने आहे. वगळलेला म्हणजे बेसुमार, हा शुमारातला. माझी हौस म्हणून सोडून द्या हवं तर, पण पुढचा हिशोब याच शब्दाने कळतो.

अशा चाचणीचा आलेख म्हणजे कितव्या महिन्यात किती टक्के रुग्ण जिवंत आहेत ते दाखवणारी, 100 वरून पायरीपायरीने उतरणारी रेषा. दहा जणांपैकी प्रत्येकाच्या नावावर तिचा दहा टक्के वाटा आहे असं धरा. शेतीची वाटणी असते तशी. तिसऱ्या महिन्यात एक जण गेला. त्याचा वाटा संपला, रेषा 90 वर उतरली. पाचव्या महिन्यात एक जण नजरेआड झाला. तो मेलेला नाही, म्हणून रेषा उतरत नाही. तिथे फक्त एक बारीक उभी खूण येते. पण त्याच्या दहा टक्क्यांचं काय करायचं? ते मागे राहिलेल्या आठ जणांत सारखे वाटायचे. प्रत्येकाला सव्वा टक्का जास्त, म्हणजे आता प्रत्येकाचा वाटा 11.25. सहाव्या आणि आठव्या महिन्यात एकेक मृत्यू, रेषा 78.75 वर, मग 67.5 वर. नवव्या महिन्यात आणखी एक नजरेआड. त्याचे 11.25 उरलेल्या पाच जणांत वाटले की प्रत्येकाचे 13.5 झाले. अकराव्या महिन्यातल्या मृत्यूनंतर 54, चौदाव्या महिन्यातल्या मृत्यूनंतर 40.5.

1958 साली कॅप्लन आणि मायर यांनी गुणाकाराने जो आलेख मांडला, त्याचंच हे वाटणीतलं रूप. उत्तर तंतोतंत तेच येतं. मुलींना आधी हेच शिकवा, कारण यातून स्लाइडवरची एक चकवणारी गोष्ट उलगडते: पायऱ्या उजवीकडे मोठ्या होत जातात. पहिली पायरी दहाची, शेवटची साडेतेराची, आणि प्रत्येक पायरीवर माणूस एकच. औषध अचानक निकामी झालेलं नसतं, मागे राहिलेल्यांच्या पाठीवरचं ओझं वाढलेलं असतं. वर्गात एखादी हुशार मुलगी हमखास विचारेल, की चौदा महिन्यांपर्यंत दहातले पाचच गेले, तर रेषा 50 वर हवी, 40 वर कशी? तिला सांगा की 50 म्हणण्यासाठी नजरेआड झालेले दोघे चौदाव्या महिन्यापर्यंत जिवंत होतेच असं गृहीत धरावं लागतं, आणि ते कुणी पाहिलेलं नाही.

आता 'सरासरी'. ही चूक तर सगळीकडे बोकाळली आहे. मागे एका व्याख्यानात वक्त्यांनी अशीच स्लाइड दाखवून 'म्हणजे रुग्ण सरासरी चौदा महिने जगतो' असं ठणकावून सांगितलं आणि सभागृहाने माना डोलावल्या. सरासरी हाही फारसीच. एका गृहस्थांनी त्याची संस्कृत फोड करून दाखवली आहे, तिची दया येते. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. शब्दच सांगतो की टोक गाठल्याशिवाय सरासरी निघत नाही! इथे पाच जणांचं टोक कुणी पाहिलेलंच नाही. दहा आकड्यांची बेरीज 109 करून 10.9 काढाल, तर 20+ ला वीसच धरल्यासारखं होईल. रेषा शून्यावर उतरलेली नाही, ती 40.5 वर आडवी होऊन संपते. सरासर नाही तर सरासरी नाही.

मध्यकाला, म्हणजे तुमच्या मीडियनला, टोक लागत नाही, अर्धं लागतं. शाळेच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक होते ना, त्यातला हा मधला. उभ्या अक्षावर 50 शी पट्टी आडवी धरायची, रेषा जिथे तिच्याखाली उतरते तिथून सरळ खाली यायचं. अकराव्या महिन्यात रेषा 54 वर आहे, चौदाव्यात 40.5 वर. म्हणून 14. अर्थ एवढाच, की निम्मे रुग्ण चौदा महिन्यांच्या आत गेले असावेत असा अंदाज. एकट्या रुग्णाला 'तुला चौदा महिने' असं यातून सांगता येत नाही.

आणि हा चौदा किती तकलादू आहे तेही बघा. चौदाव्या महिन्यात गेलेला रुग्ण समजा गेला नसता, 14+ असता. मग रेषा 54 वरच राहिली असती आणि पन्नाशीची पट्टी तिने कधी ओलांडलीच नसती. स्लाइडवर 'मध्यक गाठला नाही' असं आलं असतं. एका माणसाने आकडा पुसला! दहा जणांच्या चाचणीत हे व्हायचंच. म्हणून आलेखाखाली त्या त्या वेळी किती जण नजरेखाली होते ती ओळ हवीच. शेपटाकडे तीनच जण आहेत, आणि '40 टक्के बरे झाले' असं कुणी म्हटलं तर त्याला ती ओळ दाखवा.

या सगळ्या वाटणीत एक अट दडलेली आहे आणि आपल्याकडे ती विशेष सांभाळावी लागते. नजरेआड झालेल्याचं पुढचं नशीब मागे राहिलेल्यांसारखंच असणार असं धरून आपण त्याचा वाटा त्यांना दिला. बीडकडचा रुग्ण दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, म्हणून तपासणीला आला नाही, तर हे बऱ्यापैकी खरं. गेला तो उचल घेतली म्हणून, आजारामुळे नाही. उलट ऊस तोडायला गेलाय म्हणजे अंगात बळ असणार, तेव्हा रेषा झाला तर थोडा कमीपणाच दाखवील. पण कुणाला 'आता काही राहिलं नाही, घरी न्या' म्हणून बैलगाडीत घालून गावी नेलं असेल, आणि त्याच्यापुढेही अधिकचंच चिन्ह पडलं असेल, तर वाटणी फसली. मरायला टेकलेल्याचा वाटा धडधाकट लोकांच्या नावावर चढला आणि रेषा आहे त्यापेक्षा वर राहिली. आकड्यांवरून हे ओळखता येत नाही. आलेखात दोघांची खूण सारखीच.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर 'नोंद थांबलेले' लिहा. '5+' वाचताना मुलींना 'पाच आणि पुढे' म्हणायला लावा, 'पाच' म्हणू देऊ नका. खाली 'मध्यक जीवनकाळ 14 महिने'. सर्व्हायव्हलला मला स्वतःला 'तग' आवडतो. पावसाने ओढ दिली तरी सोयाबीन तग धरून आहे म्हणतात तो. पण तुमच्या प्राचार्यांना तो गावंढळ वाटेल, तेव्हा जबरदस्ती नाही.

15+, 18+ आणि 20+ हे बहुधा चाचणीच संपली म्हणून थांबलेले असणार, त्यांची काळजी नाही. स्लाइड पक्की करण्याआधी 5+ आणि 9+ या दोघांच्या कागदांवरचा शेवटचा शेरा मात्र चाचणीवाल्यांकडून मागवून घ्या. नुसतं 'आला नाही' असेल तर कुणाला तरी घरी फोन करायला सांगा.